शेजाऱ्याचा मुरूम तुमच्या खांबाखाली नसतो

*नमस्कार साहेब. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. परभणीबाहेर एका नव्या एनए लेआउटमध्ये आम्ही ३० बाय ४० चा प्लॉट घेतला. पूर्वी तिथे कापूस-ज्वारी व्हायची, मागे थोड्या अंतरावर ओढा आहे. तळमजला आणि वर एक मजला बांधायचाय. ठेकेदार यजमानांचे मावसभाऊच आहेत. ते म्हणतात, शेजारच्या प्लॉटला सहा फुटांवर मुरूम लागला, आपल्यालाही तिथेच लागेल. सगळ्या बारा खांबांना ४ बाय ४ फुटांचं फुटिंग घालू, माती परीक्षण मोठ्या बिल्डिंगला लागतं. शेजाऱ्यांचं घर तीन वर्षं झाली, ठणठणीत आहे. अक्षय्य तृतीयेला भूमिपूजन ठरलंय. एवढ्याशा घराला माती परीक्षण खरंच करावं का?*

ताई,

करावं, आणि फुटिंगचा पहिला खड्डा घ्यायच्या आधी करावं. 'एवढंसं घर' हे कारण तुमच्या ठेकेदारांनी न करण्यासाठी दिलंय, पण काळ्या मातीत तेच करण्याचं कारण आहे. मोठ्या इमारतीचा पाया काळ्या मातीत कुणी ठेवतच नाही, तो खाली कठीण थरापर्यंत नेला जातो. तडे जातात ते बैठ्या घरांना, शाळेच्या खोल्यांना, कंपाउंडच्या भिंतींना, मागाहून जोडलेल्या संडास-बाथरूमला. ही बांधकामं जड असतात म्हणून नव्हे, हलकी असतात म्हणून.

काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. त्याच्या कणांचे पापुद्रे एकावर एक रचलेले असतात आणि त्यांच्यामध्ये पाणी शिरलं की ते एकमेकांपासून दूर सरतात. माती फुगते. पाणी गेलं की पापुद्रे परत जवळ येतात, माती आकसते आणि तुम्ही एप्रिलमध्ये शेतात पाहता त्या भेगा पडतात. ही हालचाल वरच्या वीतभर मातीपुरती नसते. आपल्याकडच्या खोल काळ्या जमिनीत ऋतूप्रमाणे होणारा ओलाव्याचा चढ-उतार साधारण साडेतीन मीटरपर्यंत, म्हणजे अकरा-साडेअकरा फुटांपर्यंत जाणवतो असं धरून चालतात. अंडर-रीम्ड पाइल म्हणजे खालच्या टोकाशी फुगीर गड्डा असलेला, जमिनीत ओतलेला काँक्रीटचा खांब; भारतीय मानकात काळ्या मातीत त्याची किमान लांबी ३.५ मीटर सांगितली आहे, ती याच कारणाने. आता पाच-सहा फुटांवर ठेवलेलं फुटिंग या पट्ट्यात कुठे येतं ते तुम्हीच बघा.

घर बांधलं की आणखी एक गोष्ट होते. घराच्या मधल्या भागाखालच्या मातीला ना ऊन लागत ना पाऊस, त्यामुळे तिथला ओलावा हळूहळू वाढून एका जागी स्थिरावतो. कडेची माती मात्र उन्हाळ्यात वाळते आणि पावसाळ्यात भिजते. म्हणजे बाहेरच्या रांगेतले खांब दरवर्षी खालीवर होतात आणि मधले आपल्या जागी राहतात. अशा घराच्या भिंतीला जे तडे जातात ते खिडकीच्या कोपऱ्यातून तिरके निघतात, आणि कडा खाली बसत असतील तर वरच्या बाजूला रुंद असतात. पावसाळ्यात एखादा दरवाजा घासतो, मार्च-एप्रिलमध्ये तोच मोकळा फिरतो. लाकूड फुगलं म्हणून लोक रंधा मारून घेतात. लाकडाचंही असू शकतं. पण लोखंडी चौकटीचा दरवाजाही तसाच वागायला लागला तर दोष लाकडावर ढकलता येत नाही.

तुमच्या घराचाच हिशेब मांडून बघू. समासातलं अंतर सोडलं की बारा खांब साधारण अकरा-बारा फुटांच्या अंतरावर येतील. मधल्या खांबावर दोन स्लॅब, भिंती आणि वापरातलं वजन धरून ढोबळमानाने ३२ टन येतात. कोपऱ्यातल्या खांबाच्या वाट्याला स्लॅबचा चौथा हिस्सा येतो. बाहेरच्या भिंती धरल्या तरी १० टनांच्या आसपास. ४ बाय ४ फुटांच्या फुटिंगचं क्षेत्रफळ जेमतेम दीड चौरस मीटर. मधल्या खांबाखाली दर चौरस मीटरला एकवीस-बावीस टन दाब पडेल, कोपऱ्याखाली पावणेसात. वरच्या भरावाचं वजन मिळवलं तरी कोपरा नऊ-साडेनऊच्या पुढे जात नाही.

आता समजा तुमच्या मातीचा फुगण्याचा दाब चौरस मीटरला १५ टन निघाला. काळ्या मातीत हा आकडा मुळीच अचाट नाही. कोपऱ्याचं फुटिंग तो उचलू पाहणार. आणि हीच माती भिजल्यावर आठ-दहा टनांपेक्षा जास्त भार सोसणारी नसेल, तर मधला खांब खाली जाऊ पाहणार. एकाच मापाचं फुटिंग, एका जागी हलकं पडलं आणि दुसऱ्या जागी अपुरं. शिवाय 'चौरस मीटरला २० टन' ही जी क्षमता ठेकेदार मंडळी सवयीने धरतात, ती खरी मानली तरी मधल्या खांबाला ४ बाय ४ पुरत नाही. दहाच टन धरली तर त्याच खांबाला जवळपास सहा बाय सहाचं फुटिंग लागेल. प्रयोगशाळेत मोजलेला फुगण्याचा दाब जमिनीत पूर्णपणे प्रकट होतोच असं नाही, माती थोडीशी हलली की तो झपाट्याने उतरतो. पण ते 'थोडंसं हलणं' म्हणजेच भिंतीतला तडा.

फरशीचं तर आणखी बिकट. दोन फूट भराव, काँक्रीट आणि टाइल्स मिळून चौरस मीटरला दीड टनाच्या आतबाहेर वजन होतं. मातीच्या दृष्टीने ते नसल्यासारखंच. म्हणून कित्येक घरांत खांब-बीम शाबूत असतात आणि हॉलची फरशी मात्र मधोमध उचललेली असते.

आता शेजारच्या मुरमाबद्दल. आपल्याकडे वरून खाली जाताना साधारणपणे काळी माती, मग पिवळट चिकण माती आणि तिच्यात चुनखडीचे खडे, मग मुरूम, मग मांजऱ्या आणि शेवटी कातळ असा क्रम लागतो. क्रम ठरलेला असला तरी जाडी ठरलेली नसते. खालचा कातळ सपाट नाही, तो चढत-उतरत गेलेला आहे, आणि ओढ्याच्या बाजूला काळी माती वर्षानुवर्षं वाहून येऊन साचलेली असते. तुमच्यासारख्याच एका प्लॉटवर, शेतीच्या जागी पडलेल्या लेआउटमध्ये, आम्ही रस्त्याकडच्या आणि ओढ्याकडच्या कोपऱ्यात एकेक बोअर घेतलं होतं. दोन्हींत अंतर पन्नास फुटांचंही नव्हतं. रस्त्याकडच्या बोअरला वर दीड फूट मुरूम, त्याखाली १.८ मीटरपर्यंत काळी माती, २.६ मीटरपर्यंत पिवळी, आणि मग खरा मुरूम लागला. ओढ्याकडच्या बोअरला काळी मातीच ४.१ मीटरपर्यंत गेली आणि मुरूम ५.३ मीटरवर भेटला. एका घराच्या दोन कोपऱ्यांत तब्बल नऊ फुटांचा फरक.

त्यातला वरचा दीड फूट मुरूम हा नैसर्गिक नव्हताच. लेआउट पाडणाऱ्याने रस्ते करताना आणून पसरलेला होता. खड्ड्याच्या उभ्या कडेला तो काळ्या मातीपासून सुरीने कापल्यासारखा वेगळा दिसत होता आणि सांध्यात विटेचा तुकडा व प्लास्टिकची पिशवी दाबलेली होती. जमिनीत आपसूक तयार झालेला मुरूम असा अचानक सुरू होत नाही, आधी पिवळ्या मातीत खडे दिसू लागतात, ते वाढत जातात. शेजाऱ्यांना 'मुरूम कुठल्या कोपऱ्यात लागला, आणि त्याच्याखाली काय होतं' एवढं विचारून बघा. बहुतेक वेळा उत्तर एका खड्ड्यापुरतं असतं. आणि त्यांच्या घराची तीन वर्षं म्हणाल, तर त्या वर्षांत पाऊस कसा होता, घराभोवती पाणी किती मुरलं, यावर ते अवलंबून आहे. घराच्या भिंतीपेक्षा त्यांच्या कंपाउंडच्या भिंतीकडे बघा. ती सगळ्यात हलकी, आधी तीच बोलते.

प्लॉट शेतजमिनीचा असल्याने एक चौकशी फुकटात करता येईल. एनए होण्याच्या आधीचा जुना सातबारा काढा आणि त्यावर विहिरीची नोंद आहे का ते पाहा. बुजवलेली विहीर एखाद्या खांबाखाली आली तर वरचं सगळं गणित कोलमडतं, आणि दोन बोअरच्या मधोमध असलेली विहीर बोअरलाही सापडत नाही. ज्यांनी ती जमीन कसली त्यांना विचारणं हाच खात्रीचा मार्ग.

माती परीक्षण कुठे करायचं यात तुमच्याकडे हमखास एक घोळ होतो. परभणीत कृषी विद्यापीठ आहे, त्यामुळे कुणीतरी तुम्हाला तिकडे पिशवीभर माती घेऊन जायला सांगेल. तिथल्या आरोग्य पत्रिकेत सामू, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश मिळेल. कापसाला त्याचा उपयोग आहे, फुटिंगला नाही. तुम्हाला हवी ती भू-तांत्रिक तपासणी. ती अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या स्थापत्य विभागात किंवा एनएबीएल मान्यता असलेल्या खासगी प्रयोगशाळेत होते, आणि तिथली माणसं मशीन घेऊन तुमच्या प्लॉटवर येतात. नमुना तुम्ही घरून न्यायचा नसतो.

लहान आणि साध्या घराला मधोमध एकच बोअर किंवा चाचणी खड्डा चालू शकतो, मानकातही तशी सवलत आहे. पण मागे ओढा असताना मी एकावर भागवणार नाही. समोरासमोरच्या तिरक्या कोपऱ्यांत दोन बोअर घ्या आणि मध्ये जेसीबीने एक चाचणी खड्डा. बोअर सहा मीटरपर्यंत, किंवा घट्ट मुरमात दीड-दोन मीटर शिरेपर्यंत, यातलं जे आधी होईल ते. मात्र सहा मीटरवरही काळी मातीच असेल तर तिथे थांबायचं नाही. चाचणी खड्डा खांबाच्या जागी घेऊ देऊ नका. जेसीबीने उकरून परत ढकललेल्या मातीवर फुटिंग बसलं तर तपासणीनेच नुकसान केलं असं होईल. खड्डा खोल झाला की आत कुणी उतरायचं नाही. काळ्या मातीची कड सरळ उभी दिसते, भक्कम वाटते, आणि भेगेच्या रेषेवरून न सांगता सुटते. वरूनच बघा. भेगा किती खोल गेल्यात, जेसीबीच्या बकेटमधून निघालेल्या ढेकळांवर घासून गुळगुळीत झाल्यासारखे चकचकीत पृष्ठ आहेत का, तेवढं पाहिलं तरी पुष्कळ. ते पृष्ठ म्हणजे माती वर्षानुवर्षं फुगता-आकसताना स्वतःवरच घासल्याच्या खुणा.

बोअरच्या वेळी तुम्ही किंवा यजमान तिथे थांबा. दर थोड्या खोलीवर प्रमाणित प्रवेश चाचणी होते. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटर उंचीवरून सोडतात आणि खालची नळी १५-१५ सेंटिमीटर असे तीन टप्पे आत जायला किती घाव लागले ते मोजतात. पहिला टप्पा सोडून देतात, पुढच्या दोन टप्प्यांची बेरीज म्हणजे एन मूल्य. तिन्ही आकडे तुमच्या वहीत उतरवून घ्या. पुढे अहवालात तेच आले का ते पडताळता येतं, आणि कुणीतरी मोजतंय म्हटल्यावर मोजणाराही नीट मोजतो. चिकण मातीचा नमुना पातळ नळीत घेऊन दोन्ही तोंडं मेणाने बंद करायला हवीत, म्हणजे ओलावा टिकतो. नुसता पिशवीत भरलेला गोळा फुगण्याचा दाब मोजायला चालत नाही.

इथे एक सापळा आहे आणि तो एप्रिल-मेमध्येच असतो. वाळलेली काळी माती दगडासारखी होते. पहार मारली तर ठण्ण आवाज येतो. एन मूल्यही चांगलं दिसतं. ठेकेदार खड्ड्यात टाच आपटून म्हणतो, 'बघा, हिच्यावर हत्ती उभा करा.' पण घर उभं राहणार आहे पावसाळ्यातही. म्हणून कामाच्या आदेशातच लिहून द्या की मातीची ताकद भिजवलेल्या नमुन्यावर तपासावी आणि भारवहन क्षमता भिजलेल्या अवस्थेसाठी द्यावी. हे लिहिलं नाही तर उन्हाळ्यातला अहवाल खरा असूनही दिशाभूल करू शकतो.

प्रयोगशाळेतल्या चाचण्यांपैकी एक तुम्हाला शाळेत मुलांनाही दाखवता येईल इतकी सोपी आहे. वाळवून बारीक चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती दोन मोजपात्रांत घेतात. एकात शुद्ध पाणी, दुसऱ्यात रॉकेल. रॉकेलमध्ये ही माती फुगत नाही. ढवळून हवा काढून चोवीस तास ठेवतात. समजा रॉकेलमधली माती ११ मिलिलिटरवर बसली आणि पाण्यातली २१ वर, तर फरक १०, म्हणजे मूळच्या ११ च्या जवळजवळ ९१ टक्के. याला मुक्त फुगवटा निर्देशांक म्हणतात. ५० च्या वर गेला की माती फुगणारी समजून पाया आखायचा. पण या आकड्यावरून फुटिंग ठरत नाही, फक्त सावध व्हायचं ते ठरतं. फुटिंग ठरवायला फुगण्याचा दाब लागतो, आणि त्याची चाचणी बंदिस्त कडीत, न विस्कटलेल्या नमुन्यावर, काही दिवस चालते. कोटेशनमध्ये हे दोन्ही वेगवेगळे लिहिलेले आहेत का ते बघा. स्वस्तातल्या कोटेशनमध्ये बहुधा दुसरी गाळलेली असते. कोटेशन मागताना बोअरचा दर मीटरवर, चाचण्यांचा दर नगावर आणि मशीन आणण्या-नेण्याचा खर्च वेगळा मागा, म्हणजे दोन ठिकाणचे भाव ताडता येतात. लेआउटमध्ये आणखी कुणी बांधणार असेल तर मशीन एकाच फेरीत बोलवा, तो खर्च वाटून जातो.

अहवाल आला की शेवटच्या पानावरचा क्षमतेचा आकडा आधी बघू नका. आधी प्रत्येक बोअरची थरांची नोंद बघा, खोली कुठून मोजली आहे, पाणी कितीवर लागलं, आणि मुरूम दोन्हींत कितीवर. मग तुमच्या आरसीसी इंजिनिअरला अहवाल देऊन बसा. तुमच्या नकाशाच्या एखाद्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'भारवहन क्षमता गृहीत धरली आहे, जागेवर खात्री करावी' अशी टीप असेल तर ती खात्री करायची जबाबदारी तुमच्यावर सरकवलेली आहे, हे ध्यानात घ्या. आता तो गृहीत आकडा खोडून अहवालातला घालायचा आणि फुटिंग नव्याने मापायचं.

मघाच्या त्या प्लॉटवर अहवालाने काय बदललं ते सांगण्याआधी एक नियम सांगतो: घराचा अर्धा भाग मुरमावर आणि अर्धा काळ्या मातीवर ठेवायचा नाही. अर्धं घर हलणार नाही, अर्धं हलेल, आणि सांधा कुठे फुटायचा ते भिंत ठरवेल. तिथे पुढच्या दोन रांगांचे खड्डे मुरमापर्यंत, पावणेतीन मीटर नेले आणि फुटिंग मुरमावर बसवलं. ओढ्याकडच्या रांगेला एवढा खोल उघडा खड्डा घेणं धोक्याचं आणि महागही, म्हणून तिथे मशीनने पाइल घेऊन ते मुरमात टेकवले. पाया तिन्ही रांगांना एकाच थरावर आला. मुरूम हाताशीच लागत नसेल तर अंडर-रीम्ड पाइल हा पर्याय असतो. त्याच्या खालच्या टोकाशी खोडाच्या साधारण अडीचपट व्यासाचा फुगीर गड्डा करतात, आणि तो हालचालीच्या पट्ट्याखाली असल्याने वरची माती फुगली तरी पाइल उपटला जात नाही. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने ही पद्धत काळ्या मातीसाठीच रुजवली.

दुसरा बदल प्लिंथ बीमचा. तो जमिनीवर टेकवायचा नाही. फुगणाऱ्या मातीत बीमच्या तळाशी किमान ८० मिलिमीटर पोकळी ठेवायची असते, माती फुगली तर तिला तेवढी जागा मिळावी म्हणून. साइटवर ही पोकळी ठेवायला सगळ्यात जास्त विरोध होतो, कारण खाली फळी लावून नंतर काढण्यापेक्षा मातीवरच ओतणं सोपं. काँक्रीट पडायच्या आधी फळीखाली हात घालून बघा.

ठेकेदार आणखी एक उपाय सुचवतील: काळी माती उकरून टाकू आणि मुरूम भरू. हा उपाय खोटा नाही. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी न फुगणाऱ्या चिकट मुरमाचा थर देऊन काळ्या मातीचा फुगवटा रोखता येतो हे दाखवलं आणि कालव्यांच्या कामात ते वापरलंही गेलं. पण त्यात मुरमाची प्रत, थराची जाडी आणि दाबाई तपासावी लागते. नुसता खडकाळ मुरूम किंवा वाळू खड्ड्यात लोटली तर त्या खड्ड्याला बाजूने आणि खालून काळी मातीच असते, ती पाणी जाऊ देत नाही, आणि पहिल्याच पावसाळ्यात तुमचं फुटिंग भरलेल्या हौदात उभं राहतं. किती जाडीचा आणि कसला थर, हे अहवालावरूनच ठरेल.

नात्यातल्या ठेकेदाराला 'तुमच्यावर विश्वास नाही' असं म्हणायची गरज नाही. त्यांना एकच विचारा, भावजी, इंजिनिअरला क्षमतेचा आकडा लेखी द्यायचाय, तो तुमच्या सहीने देता का? सही करायची म्हटली की बोअरला त्यांचा विरोध राहणार नाही. तरीही विरोध राहिलाच तर बोअरचा आदेश तुम्ही स्वतःच्या नावाने द्या, ठेकेदाराच्या कामात तो धरू नका. अहवाल तुमचा असू द्या.

मुहूर्त मोडू नका. अक्षय्य तृतीयेला भूमिपूजन करा, कुदळ मारा, आणि प्लॉट मशीनसाठी मोकळा ठेवा. बोअर दोन-तीन दिवसांत उरकतात, प्रयोगशाळेला पंधरवडा धरा, नकाशा बदलायला आठवडा. म्हणजे पायाचं काम मेअखेरीस सुरू होईल, आणि परभणीत तेव्हा पावसाचा भरवसा नसतो. खड्डे एकदम सगळे उघडून ठेवू नका. रांगेने घ्या, आणि तळाची शेवटची सहा इंच माती ज्या दिवशी खालचं काँक्रीट पडणार त्याच दिवशी काढा, म्हणजे तळ ना उन्हाने भेगाळतो ना सरीने चिखल होतो. मृगाच्या आत पाया जमिनीवर येणार नाही असं दिसलं तर दिवाळीनंतर सुरू करा. बँकेला हप्त्यांची मुदत आधीच कळवून ठेवा, अहवालाची प्रत जोडून.

शोषखड्डा आणि बोअरवेलचं सांडपाणी मात्र आत्ताच नकाशावर मार्गी लावा. दोन्ही खांबांपासून जितके दूर नेता येतील तितके, आणि ओढ्याकडच्या उताराला.